आरोग्यावरची श्रुतिका लिहिताय? या चुका टाळा

रेडिओ टांझानियावर जुलै १९९३ मध्ये 'त्वेंदे ना वाकाती' ही स्वाहिली मालिका सुरू झाली. नावाचा अर्थ 'काळाबरोबर चालू या'. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा भाग लागायचा आणि विषय होते कुटुंब नियोजन व एड्स. ऐकणाऱ्यांच्या वागण्यात खरोखर फरक पडला हे नीट मोजून दाखवता आलं, अशा मोजक्या मालिकांपैकी ही एक. आपल्याकडे कम्युनिटी रेडिओसाठी किंवा एखाद्या संस्थेसाठी आरोग्यावर लिहिताना ज्या चुका हमखास होतात, त्या ओळखायला ही मालिका फार उपयोगी पडते.

डॉक्टरांच्या तोंडी भाषण

क्षयरोगावरच्या श्रुतिकेत असा प्रसंग नेहमी सापडतो:

डॉक्टर: रामभाऊ, क्षयरोग पूर्ण बरा होतो. पण सहा महिने औषध न चुकता घ्यायला हवं. मध्येच सोडलं तर जंतूंवर औषध चालेनासं होतं.
रामभाऊ: बरं झालं सांगितलंत डॉक्टर. आता रोज घेईन.

माहिती अचूक आहे, पण गोष्ट इथे थांबली. कथेत गुंतलेला माणूस मनातल्या मनात वाद घालत नाही. पुढे काय होतंय याकडेच त्याचं सगळं लक्ष असतं आणि कथेची खरी ताकद तीच. 'हे मला शिकवतायत' असा वास आला, की तो सावध होतो आणि सगळ्या जुन्या सबबी पुन्हा उभ्या राहतात. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली तेव्हा कुटुंब नियोजनाचा उपदेश उघडउघड होता. प्रेक्षक कंटाळले आणि पहिल्या तेरा भागांनंतर तो बराच सौम्य करावा लागला.

तोच मजकूर घरात आणून पाहा. दोन महिने झालेत, खोकला गेलाय, रामभाऊ पुन्हा यंत्रमागावर जायला लागलेत.

सखू: अहो, या गोळ्या खिशात कशा राहिल्या?
रामभाऊ: आता खोकला कुठंय? गोळी घेतली की मळमळतं, मागापुढं उभं राहवत नाही.
सखू: वन्सं सांगत होत्या, त्यांच्या गल्लीतल्या पोरानं असंच मधे सोडलं. आता पहिली औषधं त्याला लागूच पडत नाहीत.
रामभाऊ: आणि मागावरची पाळी बुडली तर घर कोण चालवणार?

इथे मळमळीची आणि रोजंदारीची अडचण रामभाऊ स्वतःच बोलून दाखवतो. ती कथेत आली नाही, तर ऐकणारा ती मनात म्हणेल आणि रेडिओ बंद करेल. मात्र अडचण मांडली की पुढच्या भागांत तिचं उत्तरही यायला हवं: गोळी घेण्याची वेळ किंवा मळमळीवरचा इलाज केंद्रात विचारणं, मुकादमाशी बोलणं. संहिता तपासायची सोपी रीत अशी: माहितीचं वाक्य खोडून वाचा. त्यामुळे कथेत काहीच अडलं नाही, तर ते वाक्य भाषण होतं.

वाईट पात्र लोकांना आवडून जातं

मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात अशा मालिकांची जी रीत घालून दिली, तिच्यात तीन प्रकारची पात्रं असतात: चांगल्या वागण्याची, वाईट वागण्याची आणि मधल्या मध्ये घुटमळणारी. 'त्वेंदे ना वाकाती'तलं वाईट पात्र म्हणजे म्क्वाजू हा ट्रकचालक. दारुडा आणि वाटेवरच्या गावोगावी बायका असलेला. त्याला एड्स होतो तो त्याच्या वागण्यातूनच, अपघाताने किंवा दैवाने नव्हे. श्रोत्याला कारण आणि परिणाम यांची साखळी कानाने ऐकू येते.

'हम लोग'मधल्या भागवंतीचं मात्र उलट झालं. सगळं सोसणारी आई लेखकाने दाखवली ती असं सोसू नये हे कळावं म्हणून. पुष्कळ प्रेक्षकांनी, त्यात बायकांनीही, तिलाच आदर्श मानलं. आपल्या घरांत सोसण्याला एवढा मान आहे की नुसतं सोसणं दाखवलं तर त्याचं कौतुकच होणार. म्हणून ध्वनिमुद्रणाआधी दोन-तीन भाग गावातल्या पाच-दहा जणांना ऐकवा. 'आवडलं का?' विचारू नका, पाहुण्याला सगळे होच म्हणतात. 'गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा' आणि 'यात कोण बरोबर वागलं?' एवढंच विचारा. उत्तरं तुमच्या मनातल्या उत्तरापेक्षा वेगळी आली, तर संहिता बदला.

एका भागात हृदयपरिवर्तन

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. श्रोते बदलतात ते मधल्या पात्राबरोबर. म्क्वाजूची बायको तुनू सुरुवातीला दबून राहणारी आहे. हळूहळू ती स्वतःचा छोटा धंदा उभा करते आणि त्याला सोडते. तिचं घाबरणं, कचरणं आणि मग निभावणं ऐकताना 'हे मलाही जमेल' असा विश्वास तयार होतो. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाच्या सिद्धांतात या विश्वासाला फार मोठी जागा आहे, आणि साबिदोंनी आपली रीत बऱ्याच अंशी बांदुरांच्या सिद्धांतावर बेतली. पात्र आज बेफिकीर आणि उद्या शहाणं झालं, तर श्रोत्याला चढायला पायरीच उरत नाही.

म्हणून रामभाऊंचं बदलणं निदान दहा-बारा भागांत पसरा. आधी ते गोळ्या लपवतात. सखूला कळतं, भांडण होतं. ते पुन्हा सुरू करतात आणि लग्नसराईत पुन्हा चुकवतात. ही दुसरी चूक गाळू नका, कारण खऱ्या आयुष्यात ती होतेच, आणि तिच्यातून सावरलेलं पात्रच चुकलेल्या श्रोत्याला उपयोगी पडतं.

एक गोष्ट थोडक्यात: नाटकात 'थुंकी तपासून घ्या' म्हणण्याआधी तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात तपासणी कोणत्या दिवशी होते आणि औषधांचा साठा आहे का, हे स्वतः जाऊन बघा. ऐकून आलेला माणूस रिकाम्या हाती परतला, तर पुढच्या भागावर तो विश्वास ठेवणार नाही.

पत्रांचा ढीग म्हणजे परिणाम नव्हे

'हम लोग'ला लाखांनी पत्रं आली. पत्रं लोकप्रियता सांगतात, बदल सांगत नाहीत. शिवाय आरोग्याची काळजी असणारेच आरोग्याची मालिका जास्त ऐकतात, त्यामुळे ऐकणारे आणि न ऐकणारे यांची सरळ तुलना फसवी ठरते.

टांझानियात यावर उपाय केला होता. १९९३ ते १९९५ डोडोमाच्या केंद्रावरून ही मालिका लावलीच नाही, त्या वेळेत स्थानिक कार्यक्रम दिले. दरवर्षी डोडोमात आणि मालिका लागत होती त्या भागांत, दोन्हीकडे पाहणी केली. एड्सच्या बातम्या आणि सरकारी प्रचार दोन्हीकडे होता, त्यामुळे फरक दिसला तर तो मालिकेकडे बोट दाखवणार होता. मालिका लागत होती तिथे लैंगिक जोडीदारांची संख्या घटली, निरोधचा वापर वाढला, नवरा-बायकोंत या विषयावर बोलणं वाढलं. पुढे १९९५ ते १९९७ डोडोमातही मालिका लावली.

एकच केंद्र हाताशी असेल तर एवढं कडक मोजमाप जमणार नाही. तरी टांझानियातली आणखी एक सोपी रीत घेता येईल: दवाखान्यात नव्याने आलेल्यांना, इथे यावंसं कशामुळे वाटलं, हे विचारणं. नोंदणीच्या टेबलावरच्या ताईंशी आधी बोलून ठेवा, मालिका सुरू होण्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांपासून नोंद ठेवायला सांगा, आणि प्रश्न विचारताना मालिकेचं नाव त्यांनी आपणहून घेऊ नये.