साडी लाइव्हची आठवण: वेळ पहिल्या ओळीत

इन्स्टाग्रामवर साड्या विकायचं लाइव्ह संपल्यावर "अगं ताई, कधी झालं? कळलंच नाही" असे मेसेज येतात. बहुतेकदा कॅप्शनची सुरुवात "नमस्कार मैत्रिणींनो, सणासुदीचे दिवस आलेत..." अशी असते आणि वेळ तळाशी जाते. इन्स्टाग्रामवर सुरुवातीचा तुकडाच दिसतो, बाकीचं "more" खाली दडतं. म्हणून वार, तारीख, वेळ आधी. "आज" किंवा "उद्या" लिहू नका. पोस्ट काहींना दुसऱ्या दिवशी दिसते.

मी असं लिहिते:

"शनिवार, 11 ऑक्टोबर, रात्री 8:30 ला लाइव्ह (भारतीय वेळ).
12 इरकल, 8 नारायणपेठ, 5 सेमी पैठण्या. 950 रुपयांपासून.
यायचं कसं: 8:30 ला आमच्या प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा.
साडी आवडली की तिचा नंबर कमेंटमध्ये लिहा, उदा. 'N4'. पहिली कमेंट, तिची साडी."

साड्यांचा आकडा जरूर टाका. "भरपूर व्हरायटी"ने कोणी हलत नाही, "फक्त 5"ने साडेआठला बरोबर येतात!

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकून उपयोग नाही, ती दाबली जात नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र हाच मजकूर प्रोफाइलच्या लिंकसह टाका. एकदा सकाळी, एकदा अर्धा तास आधी. त्याहून जास्त नको, लोक ग्रुप म्यूट करतात.

एक सांभाळा: सेमी पैठणीला कॅप्शनमध्ये नुसतं "पैठणी" म्हणू नका. पार्सल उघडल्यावर तीच साडी परत येते, वर कुरिअरचा खर्च आपल्या गळ्यात.