पीएचडीचा एसओपी: गावच्या कॉलेजच्या लॅबमधून सॉलिड स्टेट केमिस्ट्रीला अर्ज करताना

ठाण्यात माझ्याकडे एसओपी तपासायला येतात त्यातले निम्मे तरी "मला लहानपणापासून केमिस्ट्रीची आवड" इथून सुरू होतात. ती ओळ आधी उडवा. सुरुवात लॅबच्या वहीपासून करा.

वही उघडा आणि जिथे काहीतरी बिघडलं ते पान शोधा. शहापूरकडच्या कॉलेजातून एमएस्सी केलेली एक मुलगी, आता महापेला क्यूसीत नोकरी करते, तिने लिहिलं होतं "निकेल फेराइट बनवून एक्सआरडीने कॅरॅक्टराइझ केलं", बस्स. मी म्हटलं, अगं वही दाखव. वहीत सगळं होतं: १० ग्रॅमसाठी ३.१९ ग्रॅम निकेल ऑक्साइड, ६.८१ ग्रॅम फेरिक ऑक्साइड, अगेट खलात ॲसिटोन घालून घोटलं, मफल फर्नेसमध्ये ९०० डिग्रीला १२ तास. एक्सआरडी बाहेरून पैसे भरून करून आणला, तर ३३ डिग्रीच्या जवळ एक नकोसा पीक, म्हणजे हेमॅटाइट, थोडं फेरिक ऑक्साइड तसंच राहिलेलं.

आता हाच पॅरेग्राफ एसओपीचा गाभा. पीक दिसला एवढंच लिहून थांबू नका, का आला ते लिहा: दोन दाणे टेकतात तिथे आधी फेराइटचा थर बनतो, मग पुढचे आयन त्या थरातूनच सरकायला लागतात आणि घन पदार्थात ते फारच हळू, म्हणून रिअ‍ॅक्शन अर्धवट अडकते. मग काय केलंत? तिची भट्टी १००० च्या वर जात नव्हती, म्हणून तिने पावडर परत घोटली, पेलेट दाबली, १००० ला २४ तास ठेवली, आणि पीक गेला. भट्टीची मर्यादा एका वाक्यात सांगा, रडगाणं नको, कमिटीला तुमची गरिबी नाही, तुमचा निर्णय बघायचा असतो.

पुढची पायरी बहुतेक जण चुकवतात. पीक गेला म्हणजे माल शुद्ध असं लिहू नका, कारण साध्या एक्सआरडीत एक-दोन टक्के अशुद्धी सहज लपते. शिवाय निकेल आणि लोखंड स्पिनेलच्या कुठल्या जागांवर बसलेत हे त्यातून नीट कळत नाही, त्यासाठी मॉसबाउअर किंवा न्यूट्रॉन लागतो. तुमचा पीएचडीचा प्रश्न इथूनच निघतो: तापमान आणि थंड करायचा वेग बदलला तर जागावाटप बदलतं का, आणि चुंबकत्वावर काय परिणाम?

मगच गाइडचं नाव. त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाचा आणि तुमचा प्रश्न त्यांच्या कुठल्या यंत्राशी किंवा पद्धतीशी जुळतो ते नेमकं लिहा. "जागतिक दर्जाच्या सुविधा" वगैरे काढून टाका.

मार्क, सेमिनार, पोस्टर शेवटी दोन ओळीत, ते सीव्हीत असतंच.

पाठवायच्या आधी एक्सआरडीचे दोन्ही प्लॉट हाताशी ठेवा, आधीचा आणि नंतरचा, कारण मुलाखतीत त्या ३३ च्या पीकवर प्रश्न येऊ शकतो, आणि तेव्हा स्क्रीन शेअर करायला फाइल शोधत बसायची वेळ यायला नको.