वाळूचे चटके, गार समुद्र आणि Q = mcΔT: अकरावीत नवीन आलेल्यांसाठी

मी नेरुळला राहतो, आता बीएस्सी फिजिक्सला आहे. अकरावीला विशिष्ट उष्माधारकता, सूत्रातलं ते c, मी आधी नुसती पाठ केली होती, म्हणजे एक किलो पदार्थाचं तापमान एक डिग्रीने वाढवायला लागणारी उष्णता, झालं. पण एप्रिलमध्ये घरच्यांबरोबर उरणच्या बीचवर गेलो, दुपारी बारा-साडेबाराला चपला काढून पाण्याकडे निघालो तर कोरड्या वाळूत चार पावलं टाकवेनात, पळतच ओल्या वाळूपर्यंत गेलो, आणि पाण्यात पाय घातले तर गार! ऊन दोघांवर तेच, सकाळपासून तितकाच वेळ, मग एवढा फरक कसा?

आधी पुस्तकातलं उत्तर बघू. कोरड्या वाळूचं c साधारण ८०० ज्यूल प्रति किलो प्रति डिग्री आणि समुद्राच्या पाण्याचं साधारण ४००० (गोड्या पाण्याचं थोडं जास्त, ४१८६). आता दोघांचा एकेक किलो घ्या आणि प्रत्येकाला २०,००० ज्यूल द्या. ΔT = Q/mc, म्हणून वाळूसाठी २०,००० भागिले ८००, म्हणजे २५ डिग्री, आणि पाण्यासाठी २०,००० भागिले ४०००, म्हणजे फक्त ५. दोघंही ३० डिग्रीला असतील तर वाळू ५५ ला आणि पाणी ३५ ला. इथे बरेच जण ΔT मध्ये २७३ मिळवतात, ते करू नका, फरक सेल्सिअसमध्ये काढा नाहीतर केल्विनमध्ये, आकडा तोच येतो. आणि वस्तुमान ग्रॅममध्ये दिलं असेल तर आधी किलो करा, नाहीतर उत्तर हजार पटीने चुकतं.

मला वाटलं झालं, पाचपट फरक, हे घरी करून बघू. बिल्डिंगच्या गच्चीवर दोन सारख्या स्टीलच्या वाट्या ठेवल्या, एकीत कोरडी वाळू, दुसरीत मीठ घातलेलं पाणी, दोन्ही काठोकाठ, ३१ डिग्रीला सुरुवात. पाऊण तासाने पाणी वर-खाली सगळीकडे ३५ च्या आसपास, पण वाळूत थर्मामीटर वरच्या थरात खुपसला तर ४९ आणि तळाशी ३८! सरासरी धरली तर वाळू १२-१३ डिग्री चढली, पाणी ४, म्हणजे पाचपट नाही, तिप्पटच. चूक शोधायला दोन दिवस गेले आणि ती वाट्यांतच होती, मी आकारमान सारखं घेतलं होतं, वजन नाही. वाटीभर वाळू वाटीभर पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड असते, म्हणून गरम करायला वस्तुमानच जास्त होतं आणि पाचपटीचे तीनपट झाले. अर्थात उन्हात दोन्ही वाट्यांना उष्णता सारखी मिळत नाही आणि पाण्याची वाफही होत असते, त्यामुळे या आकड्यातून c काढायला जाऊ नका, हा नुसता अंदाज.

पण मग खरा समुद्र एवढा गार कसा? उत्तर त्या ४९ आणि ३८ मध्येच होतं. वाळू उष्णतेची वाईट वाहक, दाण्यांमध्ये हवा असते, त्यामुळे ऊन वरच्या काही सेंटिमीटरमध्येच अडकतं. पाण्यात मात्र ऊन खोल शिरतं आणि लाटा ते घुसळून खाली नेतात. हिशोब करून बघा, एक चौरस मीटर जागेवर ताशी २१,६०,००० ज्यूल शोषले गेले असं धरू (म्हणजे ६०० वॅट). वाळूचा ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे ८० किलो, mc झालं ६४,०००, तापमान वाढ जवळजवळ ३४ डिग्री. समुद्राचं फक्त १ मीटर खोल पाणी धरलं तरी १०२५ किलो, mc ४१ लाख, वाढ अर्धा डिग्री. साठपटीहून जास्त फरक, आणि त्यात c चा वाटा फक्त पाचपट, बाकी सगळा m चा! प्रत्यक्षात वाळू एका तासात ३४ ने चढत नाही, कारण तापली की ती हवेला आणि आकाशाकडे उष्णता परत देते, आपण ते धरलंच नाहीये.

म्हणून परीक्षेत ‘वाळू लवकर का तापते’ विचारलं तर c लिहाच, मार्क त्यालाच आहेत, पण वस्तुमान आणि खोलीबद्दल एक ओळ जोडा. ओली वाळू पायाला का भाजत नाही तेही आता कळेल, तिच्या दाण्यांमध्ये हवेऐवजी पाणी भरलंय, ते स्वतः भरपूर उष्णता खातं, आतही नेतं आणि वाफ होऊन घालवतं. रात्री उलटं होतं, पातळ थरातली उष्णता पटकन निघून जाते आणि जमीन पाण्याआधी गार होते, म्हणून दुपारचे खारे वारे थांबून मतलई वारे सुटतात. त्या दिवशी परत निघायला साडेसात वाजले, तेव्हा त्याच वाळूत अनवाणी आरामात चालत आलो.