पाण्याखालचा फोटो जोडताना या चुका टाळा: निळा रंग, तरंगते केस आणि उन्हाचे झोत

नागपुरात पाण्याखाली फोटो काढायचा म्हटलं तर पंचाईतच आहे. समुद्र लांब, आणि अंबाझरी-फुटाळ्याच्या पाण्यात हातभर खोलवरचंही नीट दिसत नाही. म्हणून प्री-वेडिंगवाल्या जोडप्याला असा फोटो हवा असेल, तर मुलीचा फोटो स्टुडिओत काढायचा आणि पाण्याच्या चित्रात बसवायचा, हाच मार्ग उरतो. अल्बमच्या कामात माझ्याकडे असे फोटो दुरुस्तीला येतात आणि त्यात ठरावीक दोन-तीन चुका पुन्हापुन्हा दिसतात. मी स्वतःही त्या केल्या आहेत.

गेल्या मे महिन्यातलं एक काम घेतो. धरमपेठेतल्या एका छोट्या स्टुडिओत शूट झालं. मुलीने लाल शालू नेसला होता, केस मोकळे होते, आणि ती पाण्यात हळूहळू खाली चालली आहे असं दाखवायचं होतं. पहिला मसुदा तयार झाला तेव्हा सगळं जागेवर होतं: कटआउट स्वच्छ, पाणी निळं, वरून उन्हाचे झोत. तरी मुलगी काचेवर चिकटवल्यासारखी वाटत होती. माझा मदतनीस पोरगा पाहून म्हणाला, "दादा, हे केस पाण्यातले नाही वाटून राहिले, कूलरपुढचे वाटून राहिले." त्याचं बरोबर होतं. मे महिन्यात कूलर बंद ठेवणं कोणाला परवडतं? केस त्याच्याच वाऱ्यावर एका बाजूला उडाले होते.

सगळ्यावर निळं झाकण घालणं

सर्वांत जास्त होणारी चूक ही. माणूस पाण्याच्या चित्रात ठेवायचा, वरून `Photo Filter` किंवा निळ्या रंगाचा एक लेयर टाकायचा आणि गडदपणा कमी-जास्त करत बसायचं. त्याने सगळं सारखं निळं होतं, पण पाण्याखालचं वाटत नाही. कारण पाणी निळा रंग चढवत नाही, ते लाल रंग काढून घेतं. स्वच्छ पाण्यात साधारण ५ मीटरपर्यंत लाल बहुतेक संपतो, मग नारिंगी आणि त्याही खाली पिवळा. हे अंतर फक्त खोलीचं नसतं. उजेड पृष्ठभागावरून माणसापर्यंत येतो आणि माणसाकडून कॅमेऱ्यापर्यंत जातो, ती सगळी वाट मोजायची.

म्हणून फोटोशॉप उघडण्याआधी ठरवा की मुलगी किती खोल आहे. आमच्या चित्रात ती ४-५ मीटरवर धरली. एवढ्या खोलीवर लाल शालू लालभडक राहूच शकत नाही, तो काळपट मरून दिसणार. कुंकू आणि ओठही तसेच. मसुद्यात शालू लग्नमंडपातल्यासारखा झळकत होता, आणि नजरेला खटकत होतं ते तेच.

दुरुस्तीसाठी मी `Channel Mixer` वापरतो, माणसाच्या लेयरला क्लिप करून. या कामात घेतलेले आकडे असे: लाल चॅनलमध्ये लाल ३५ आणि हिरवा १५ टक्के, हिरव्यात फक्त हिरवा ८० टक्के, निळ्यात निळा १०० आणि हिरवा १० टक्के. बाकी सगळं शून्य. तिच्या गालावर आधी लाल २१०, हिरवा १६०, निळा १३० होता, नंतर सुमारे ९८, १२८, १४६ झाला. शालूचा लाल १९० वरून ७० वर उतरला. गालाच्या आकड्यांचा क्रम उलटला हे बघा: लाल सर्वांत कमी, निळा सर्वांत जास्त. त्वचेवर हा क्रम आला की अर्धं काम झालं. लाल चॅनल नुसता खाली ओढला तर त्वचेवर ठिपके-ठिपके दिसू लागतात. थोडा हिरवा मिसळला की ते टळतं, म्हणून तो १५ टक्के.

हे आकडे तसेच्या तसे उचलू नका. तुमच्या पाण्याचा रंग हिरवट असेल तर निळ्यात हिरवा मिसळायची गरज नाही आणि हिरवा ८० ऐवजी ९० चालेल.

इथे एक अडचण येते. मुलीच्या आईला शालू लालच हवा असतो, आणि ते चुकीचं नाही. पाण्याखाली फ्लॅश मारला तर जवळचा लाल लालच येतो. पण मग तो निर्णय पूर्ण पाळा. उजेड कॅमेऱ्याच्या बाजूने आलेला दिसला पाहिजे, मागचं पाणी निळं आणि गडद, आणि अंगावर वरून पडणारं ऊन अगदी हलकं. वरून झगझगीत झोत आणि खाली लालभडक शालू, असं दोन्ही एकत्र खोटं दिसतं.

रंग बसल्यावरही आमच्या चित्रातले केस फार काळे होते. पाण्यात तरंगणाऱ्या कणांमुळे उजेड विखुरतो आणि मधे एक निळसर धुकं तयार होतं, त्यामुळे थोडं दूर असलेलं काहीच ठार काळं दिसत नाही. तपासायची सोपी रीत आहे. `Info` पॅनेल उघडा आणि चित्रात माणसाइतक्याच अंतरावर असलेल्या दगडाची किंवा झुडपाची सर्वांत गडद जागा पाहा. मग केसांतली सर्वांत गडद जागा पाहा. आकड्यांत मोठी तफावत असेल तर माणूस पाण्याबाहेर उभा आहे. आमच्या शेजारच्या पाण्याचा रंग २०, ९५, १३० होता. त्याच रंगाचा लेयर माणसावर क्लिप करून १५ टक्के ठेवला, तेव्हा केस सुमारे ११, २६, ३७ वर आले आणि मुलगी पाण्यात उतरली. पाय कॅमेऱ्यापासून दूर जात असतील तर मास्कवर ग्रेडियंट टाकून तिकडे हे धुकं थोडं वाढवा.

वाऱ्याचे केस पाण्यात चालत नाहीत

पंख्या-कूलरचे केस आणि पाण्यातले केस यांत फरक काय? वाऱ्यात केस एका दिशेला ताणले जातात आणि टोकं फडफडतात. पाण्यात ते मुळापासून उचलले जातात, मोठमोठी सावकाश वळणं घेतात आणि प्रत्येक बट वेगळ्या वाटेने जाते. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर घरातलं जुनं गंगावन काचेच्या फिश टँकमध्ये सोडा आणि हळू वर-खाली करून बघा. मी हेच केलं आणि पंधरा मिनिटांत जे कळलं ते आधी कळलं नव्हतं. खाली नेलं की बटा वर राहतात, वर ओढलं की त्या मागे खाली लोंबतात. म्हणजे केस वर पसरलेले असतील तर माणूस बुडतोय, आणि खाली-मागे असतील तर वर पोहतोय. वर झेपावणाऱ्या मुलीचे केस आकाशाकडे उभे ठेवलेले फोटो किती दिसतात! आमची मुलगी खाली जात होती, त्यामुळे केस वरच हवे होते.

आणखी एक गैरसमज: पाण्यातला फोटो म्हणून केस ओले करून शूट करणं. ओले केस पाण्याबाहेर चिकटून दोऱ्या होतात. पूर्ण बुडालेले केस मात्र सुटे होतात. म्हणून केस कोरडेच ठेवा.

दुसऱ्या शूटला कूलर बंद केला, दार उघडं ठेवलं आणि मुलीला एका लांब बाकावर उताणी झोपवलं. डोक्याच्या बाजूला बाकाच्याच उंचीवर पांढरा थर्माकोल ठेवला आणि त्यावर केस बोटांनी बटा-बटा करून, गोल वळणं देत पसरले. कॅमेरा शिडीवरून सरळ खाली. दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली उजेडाची. चित्रात जे "वर" असणार आहे ते इथे डोक्याकडची बाजू आहे, म्हणून मुख्य सॉफ्टबॉक्स डोक्याच्या पलीकडे हवा. छताकडून उजेड दिला तर उभ्या चित्रात तो समोरून आल्यासारखा दिसतो आणि नंतर कितीही झोत काढले तरी ते अंगाशी जुळत नाहीत. दुसरी गोष्ट शरीराची. बाकावर टेकलेली पाठ, कोपर, टाच चपटी होते आणि ती लपत नाही. पाठ किंचित कमानीत ठेवायला सांगितली, हात बाकाच्या बाहेर हवेत धरले आणि शालूचा पदर नंतर वेगळा काढून जोडला.

कटआउट करताना सगळे केस एका मास्कमध्ये बसवायचा हट्ट धरू नका. केसांचा दाट भाग `Select and Mask` मध्ये नीट येतो. बाहेरच्या बारीक बटांसाठी त्याच फोटोची प्रत खाली ठेवून ब्लेंड मोड `Multiply` करा, `Levels` ने थर्माकोलचा पांढरा पूर्ण पांढरा करा आणि मास्कने फक्त केसांभोवतीचा पट्टा राखा. पांढरं नाहीसं होतं आणि एक-एक केस पाण्यावर उमटतो. मागचं पाणी केसांपेक्षा उजळ असेल तरच हे साधतं. गडद पाण्यावर त्या बटा दिसणार नाहीत, तिथे टोकांवर फिकट निळ्या ब्रशने उजेडाच्या थोड्या कडा काढाव्या लागतात.

झोतांचा उगम एकच हवा

झोत काढायला सोपे असतात आणि म्हणूनच बिघडतात. सूर्य क्षितिजाला टेकलेला असला तरी त्याचे किरण पाण्यात शिरताना वाकतात आणि उभ्या रेषेपासून सुमारे ४८ अंशांपेक्षा जास्त तिरके होत नाहीत. बाजूने पाहिलेल्या चित्रात जवळजवळ आडवे झोत दिसले की समजा, ते खोलीच्या खिडकीतले आहेत. मी एका लेयरवर पांढरे तुटक फटकारे मारून `Radial Blur` मध्ये `Zoom` लावतो आणि केंद्र पाण्याच्या वर, चित्रात जिथे पृष्ठभाग सर्वांत उजळ आहे तिथे नेतो. लेयर `Screen` वर ठेवतो, पांढऱ्याला निळसर-हिरवी छटा देतो आणि खाली जाता-जाता झोत विरून जातील असा मास्क लावतो.

पहिल्या मसुद्यात सगळे झोत मुलीच्या मागे होते, त्यामुळे ती पडद्यासमोर उभी वाटे. झोतांचे दोन लेयर करा. जाड आणि जास्त ठळक तो मागे, अगदी पुसट तो पुढे. पुढचा चेहऱ्यावरून नेऊ नका, खांद्यावरून आणि एका हातावरून जाऊ द्या. ज्या खांद्यावर झोत पडतो तिथे अंगावरही उजेड दिसला पाहिजे. लाटांमधून गाळून आलेली जाळीदार नक्षी खांद्याच्या, कपाळाच्या, हाताच्या वरच्या बाजूंवरच येते, हनुवटीखाली कधीच नाही. ती नक्षी अंगाच्या वळणाप्रमाणे `Warp` ने वाकवली नाही, तर छापील कापडासारखी दिसते.

हे काम अल्बमला जाण्याआधी आम्ही लॅबमधून एक छोटा प्रिंट काढून आणला. स्क्रीनवर शालूचा मरून स्पष्ट दिसत होता, कागदावर त्याच्या चुण्या गडद निळ्यात बुडाल्या होत्या. धुक्याचा लेयर १५ वरून १८ टक्के केला, शालूच्या वरच्या कडांवर `Curves` ने थोडा उजेड दिला आणि दुसऱ्या प्रिंटमध्ये जरीचा काठ वेगळा दिसू लागला. तेवढ्यावर फाइल पाठवली.