वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरावरची काळी बुरशी कशी काढावी आणि ती परत येऊ नये म्हणून काय करावं

फ्रंट लोड मशीनचं दार उघडून रबराची पुढची कड बोटाने बाहेर ओढली की आत खोल घडी दिसते. ड्रमच्या खालच्या बाजूला, म्हणजे घड्याळात सहाचा आकडा जिथे येतो तिथे, या घडीत धुणं संपल्यावरही थोडं पाणी उरतं. त्या पाण्यात साबणाचा अंश, कापडाचे तंतू, अंगाचा तेलकट मळ आणि केस असतात. दार बंद ठेवलं की आतला ओलावा तसाच राहतो. बुरशीला आणखी काही लागत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या बाथरूममध्ये तर दार उघडं ठेवूनही रबर चटकन सुकत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात ही तक्रार हमखास वाढते.

टॉप लोड मशीनच्या दाराला सहसा असं घडीचं रबर नसतं. म्हणून हा लेख फ्रंट लोडपुरताच आहे.

काळं म्हणजे नेमकं काय?

साफसफाईला लागण्याआधी एक ओलं पांढरं फडकं घडीत घालून जोरात फिरवा. फडक्याला राखाडी, बुळबुळीत थर लागला तर तो मुख्यतः साबण, फॅब्रिक सॉफ्टनर आणि मळ यांचा असतो. काळी भुकटी लागली तर ती वरवर वाढलेली बुरशी. फडकं स्वच्छ आलं आणि रबरावर काळे ठिपके तसेच राहिले, तर तो रबरात मुरलेला डाग आहे. बुरशीचा काळा रंग रबराच्या सूक्ष्म छिद्रांत उतरतो आणि बुरशी मेल्यावरही तिथेच राहतो. हे लक्षात न आल्यामुळे लोक पुन्हा पुन्हा ब्लीच ओततात, रबर कडक करून ठेवतात आणि डाग काही जात नाही. वास गेला आणि फडकं स्वच्छ यायला लागलं की काम झालं. उरलेले फिकट ठिपके दिसायला वाईट, पण कपड्यांना लागत नाहीत.

लागणारं सामान

घरगुती ब्लीच (बाटलीवर सोडियम हायपोक्लोराईट लिहिलेलं, साधारण ४ ते ५ टक्के), रबरी हातमोजे, जुन्या सुती कापडाच्या लांब पट्ट्या, मऊ टूथब्रश, कान साफ करायच्या दोन-चार काड्या आणि भांडी घासायचं लिक्विड. ब्लीचची बाटली वर्षभर उघडून ठेवलेली असेल तर नवी आणा. उन्हाळ्यात त्याची ताकद झपाट्याने कमी होते, आणि मग उपाय कुचकामी ठरल्याचं खापर फॉर्म्युल्यावर फुटतं.

एक गोष्ट जिवाशी खेळ करणारी आहे. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा मशीनमधले क्षार काढायची डिस्केलिंग पावडर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो श्वास कोंडायला पुरेसा आहे. अमोनिया असलेला काच-क्लीनरही मिसळू नका, त्यातूनही विषारी वायू निघतो. डिस्केलिंग करायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, आणि दोन्हींच्या मध्ये रिकामं मशीन साध्या पाण्यावर एकदा चालवून.

साफसफाई

मशीनचा प्लग काढा, खिडकी उघडा, एग्झॉस्ट फॅन लावा. रबराची कड हळूहळू ओढत पूर्ण गोल फिरा. खालच्या घडीत हेअरपिन, नाणं, शर्टाचं बटण, लहान मुलाचा मोजा हमखास सापडतो. लोखंडी वस्तू तिथे राहिली की रबरावर तपकिरी गंज येतो, त्याला बुरशी समजू नका.

आता घडीच्या तळाशी दोन-चार बारीक भोकं शोधा. घडीतलं पाणी त्यातून ड्रमभोवतीच्या टाकीत उतरावं यासाठी ती असतात. तंतूंनी ती बुजली की पाणी साठतं. कितीही पुसलं तरी पुढच्या धुण्याला परत तळं तयार, असं होत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच. कानाच्या काडीने ती मोकळी करा. टाचणी किंवा सुई घालू नका, रबर फाटलं की पाणी मशीनबाहेर येईल.

मग भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब अर्ध्या बादली कोमट पाण्यात घालून टूथब्रशने सगळी घडी घासा आणि पुसून घ्या. ही पायरी गाळू नका. ब्लीच आधी मळावरच खर्च होतं. बुळबुळीत थर काढला नाही तर खालच्या बुरशीपर्यंत ते पोहोचतच नाही.

आता १ लिटर साध्या पाण्यात ५० मिलिलिटर ब्लीच घाला. गरम पाणी नको, त्यात ते लवकर निकामी होतं. हातमोजे घालून कापडाच्या पट्ट्या यात भिजवा, टिपकणार नाहीत इतक्या पिळा आणि घडीत दाबून बसवा. उभ्या रबरावर द्रव ओतला तर तो खाली ओघळून जातो. पट्टी लावली की तो जागेवर टिकतो, आणि याच कारणाने पट्टी फवाऱ्यापेक्षा सरस आहे. दहा मिनिटं ठेवा. जुनी, दाट बुरशी असेल तर १ लिटरला १०० मिलिलिटर प्रमाण करून एकदाच परत लावा, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नाही. पट्ट्या काढल्यावर टूथब्रशने हलकं घासा आणि साध्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसा.

प्लग लावून रिकामं मशीन एकदा रिन्स आणि स्पिनवर चालवा. यामुळे ब्लीच निघून जातं आणि पुढच्या रंगीत कपड्यांवर पांढरे ठिपके पडत नाहीत.

तारेचा घासणा, ब्लेड, पॉलिशपेपर वापरू नका. ओरखड्यांत बुरशी आणखी पक्की बसते. रबर मऊ राहावं म्हणून खोबरेल तेल किंवा डाग निघावा म्हणून रॉकेल चोळायचीही काही घरांत सवय असते. मशीनच्या दाराला बहुतेक वेळा जे रबर वापरतात ते रॉकेल-पेट्रोलसारख्या तेलाने फुगतं, मग दार नीट बसत नाही. खाण्याचा सोडा मळ घासायला चालतो, पण बुरशी मारायला त्याच्यावर विसंबू नका.

वास तरी जात नाही

मग तो रबरातून येत नसावा. नाक जवळ नेऊन चार जागा वेगवेगळ्या हुंगा: रबराची घडी, साबणाचा कप्पा, खालच्या कोपऱ्यातलं फिल्टर आणि ड्रेन पाइपचं टोक.

साबणाचा कप्पा पूर्ण बाहेर निघतो. तो बसतो त्या जागेच्या छताला आणि सॉफ्टनरच्या नळीला जो चिकट थर असतो तोही टूथब्रशने काढा. फिल्टर पुढच्या खालच्या झाकणामागे असतं. खाली उथळ ताट आणि फडकं ठेवून ते अगदी सावकाश घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा, कारण लिटर-दोन लिटर पाणी बाहेर येतं. गरम पाण्याचं धुणं संपल्या संपल्या हे करू नका. आतून साबणाचे चिखलासारखे गोळे निघाले तर वासाचं मूळ तिथेच.

वास गटारासारखा असेल आणि ड्रेन पाइपजवळ जास्त येत असेल तर न्हाणीच्या ट्रॅपकडे बघा. पाइप जाळीतून फार खोल खुपसलेला असतो किंवा ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, आणि गटाराची हवा थेट पाइपमधून ड्रमपर्यंत येते. मग रबर कितीही घासा.

यातलं काहीच नसेल तर थर बहुधा ड्रमभोवतीच्या, आपल्याला न दिसणाऱ्या टाकीवर आहे. त्यासाठी रिकामं मशीन टब क्लीन किंवा ९० अंशांच्या कॉटन सायकलवर चालवा. टब क्लीनर पावडर असेल तर पाकिटावर दिलेलं प्रमाण घ्या. पहिल्या वेळी पाण्यात काळे तुकडे तरंगताना दिसले तर घाबरू नका, थर सुटतोय. ते संपेपर्यंत सायकल परत चालवा.

परत का येते

समजा, डोंबिवलीतल्या चार जणांच्या घरी ७ किलोचं मशीन आहे. रोज तीन-साडेतीन किलो कपडे, थंड पाण्यावर अर्ध्या तासाचं क्विक सायकल, झाकण भरून लिक्विड आणि वर सॉफ्टनर. दार धुण्यानंतर बंद, कारण बाथरूममधून जायला अडचण होते. इथे रबर दर महिन्याला काळं होणारच. अर्ध्या लोडला पूर्ण झाकण साबण म्हणजे तो पूर्ण खळबळून निघत नाही. थंड आणि छोट्या सायकलमध्ये तेलकट मळ विरघळत नाही. सॉफ्टनर तर मुळातच चिकटून राहण्यासाठी बनवलेला असतो.

या घराने पुढचे बदल करावेत. अर्ध्या लोडला अर्धं झाकण. सॉफ्टनर बंद, निदान टॉवेलांसाठी, कारण तसेही ते त्याने कमी पाणी शोषतात. टॉवेल, चादरी आणि पांढरे सुती कपडे आठवड्यातून एकदा ६० अंशांवर. साबण अजूनही जास्त होतोय का, हे शेवटच्या रिन्सला काचेकडे बघून कळतं: तेव्हाही फेस दिसत असेल तर प्रमाण आणखी घटवा. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी जड असेल तर मात्र फार कमी साबणाने कपडे मळकट राहतात. तिथे एकदम अर्ध्यावर न येता हळूहळू कमी करत जा.

शेवटचं धुणं काढल्यावर घडी कोरड्या फडक्याने पुसायला मिनिटही लागत नाही. विशेषतः खालची बाजू पुसा. दार दोन-तीन बोटांइतकं आणि साबणाचा कप्पा अर्धा उघडा ठेवा. घरात रांगतं किंवा चालायला लागलेलं मूल असेल तर मशीनचं दार उघडं असताना बाथरूमचं दार बाहेरून बंद ठेवा, मूल ड्रममध्ये शिरू शकतं. ओले कपडे रात्रभर आत ठेवू नका, आणि मळके कपडे साठवायला ड्रमचा वापर करू नका.

रबर बदलायचं कधी

चीर पडली असेल, धुताना दारातून पाणी गळत असेल, किंवा रबर चिकट वा कडक झालं असेल तर ते बदलावंच लागतं. फक्त डागासाठी बदलू नका. नवीन मागवताना दाराच्या आतल्या कडेवरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर सांगा, कारण एकाच कंपनीच्या ६ आणि ७ किलोच्या मशीनचं रबरही वेगळं असू शकतं. रबर तारेच्या कड्याने आवळलेलं असतं आणि ते कडं नीट बसलं नाही तर पहिल्याच धुण्याला गळतं. त्यामुळे बसवणाऱ्या मेकॅनिकला जाण्याआधी पाणी भरून एक छोटं सायकल चालवायला लावा.