डायरीचे प्रश्न रोज बदलूनही तेच तेच वाटतंय? या चुका टाळा

रोज रात्री "आज कशाबद्दल कृतज्ञ वाटतं" लिहून कंटाळा आला की लोक कुठूनतरी १०० प्रश्नांची यादी उचलतात, रोज एक घेतात, आणि पंधरा दिवसांत परत तक्रार, की काहीच नवीन सुचत नाही. खरं सांगते, यादी लांब करून हे सुटत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शब्द बदलले की प्रश्न बदलला असं समजणं. "आज कशामुळे हसू आलं", "कोणता क्षण आवडला", "काय छान झालं", हा एकच प्रश्न आहे, तीन नाहीत. मी पण अशीच ३० प्रश्नांची यादी केली होती, खूप मन लावून. दोन महिन्यांनी सगळी पानं एका बैठकीत वाचली आणि प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलीने एकच शब्द लिहीत गेले, ही नोंद नेमकी कशाबद्दल आहे तो. ५२ नोंदी होत्या, त्यातल्या २३ समोर "आई" आलं आणि १४ समोर "शांतता". आईबद्दल लिहिण्यात काहीच वाईट नाही, पण त्या २३ पैकी एकाच पानावर खरी गोष्ट सापडली, "माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून आईने ओळखलं की मी रडलेय". बाकी सगळीकडे "आई आहे म्हणून बरं आहे". ते वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या दोन महिन्यांत तिने केलेलं बाकीचं सगळं माझ्या हातून निसटलं होतं.

मग मी ३० चे ११ केले. नियम एकच, एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याखाली चालत असेल तर दोघांतला एक काढायचा. माझ्याकडे राहिलेले काही असे: आज कुणाचं कोणतं वाक्य लक्षात राहिलं (शब्दश: लिही). आज हातांनी काय केलं. कुठे चिडले आणि त्याच्या आधी काय झालं होतं. आजची एक चांगली गोष्ट कोणत्या छोट्या कारणाने राहून गेली असती. या शेवटच्या प्रश्नात आई आली तरी "आई आहे" लिहून भागत नाही, तो फोन का आला, कधी आला, नसता आला तर काय, हे आठवावंच लागतं.

७ प्रश्न सात वारांना वाटून देऊ नका. गुरुवारचा प्रश्न ठरलेला असला की उत्तर सकाळपासूनच तयार होतं, आणि रविवारी लिहायचं राहतं त्यांचा रविवारचा प्रश्न कायमचाच राहतो. ११ प्रश्न ओळीने घेतले आणि रोज लिहिलं, तर तोच प्रश्न त्याच वारी यायला ७७ दिवस लागतात. दिवस चुकला तर प्रश्न सोडायचा नाही, जिथे थांबलात तिथून पुढे. मी शेवटच्या नोंदीखाली पुढच्या प्रश्नाचा नंबर लिहून ठेवते, बस.

दुसरी चूक चिठ्ठ्यांची. बरणीत ३० चिठ्ठ्या, रोज एक काढायची, वाचून परत आत टाकायची. लोकांना वाटतं ३० आहेत म्हणजे महिनाभर चिंता नाही, पण परत टाकत राहिलात तर पहिल्या सात दिवसांतच एखादी चिठ्ठी पुन्हा हातात येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच असते. म्हणून काढलेली चिठ्ठी दुसऱ्या पाकिटात ठेवा. बरणी रिकामी झाली की सगळ्या परत घालताना शेवटच्या चार बाहेर ठेवा आणि त्या चार दिवसांनी आत टाका, नाहीतर कालचीच आज येऊ शकते.

रोजच कृतज्ञतेचा प्रश्न नको. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक जाणवला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. माझ्या ११ मध्ये असे दोनच आहेत.

आणि एक, मिनिटभरात सुचलं नाही की पुढची चिठ्ठी काढायची, ही नवीन लोकांची घाई मला अजिबात पटत नाही. अशाने जे प्रश्न सोपे तेवढेच फिरत राहतात. पाच मिनिटं बसा, मग "आज काही आठवत नाही" लिहा आणि वही मिटा, तीही नोंदच आहे. फक्त एखादा प्रश्न ताज्या दु:खावर जात असेल तर तो सरळ काढून ठेवा, त्याला ताणू नका.

३३ नोंदी झाल्या, म्हणजे प्रत्येक प्रश्न तीनदा आला, की मी पुन्हा पेन्सिल घेऊन बसते. ज्या प्रश्नाच्या तिन्ही नोंदींसमोर एकच शब्द येतो तो प्रश्न जातो आणि त्याच्या जागी नवा येतो, एका वेळी एकच. मागच्या वेळी "आज कुणी मदत केली" गेला, त्याच्या जागी आता "आज कुणाला माझी मदत लागली आणि मी काय केलं" आहे.