सात पूल, प्रत्येकावरून एकदाच: ग्राफ थिअरी इथून सुरू करा

बीएस्सीला किंवा इंजिनिअरिंगला गेलेली आपल्या निपाणी-चिक्कोडी भागातली पोरं दरवर्षी विचारतात की ग्राफ थिअरी कुठून सुरू करू, पहिल्या पानावरच व्हर्टेक्स, एज, डिग्री असल्या व्याख्यांची रांग असते आणि काही टोटल लागत नाही. माझं मत एकच आहे, व्याख्या बाजूला ठेवा आणि आधी पुलांचं कोडं नीट सोडवा, म्हणजे त्या व्याख्या कशासाठी केल्यात ते आपोआप कळतं. मी स्वतः मराठी माध्यमातून पीयूसीला गेलो तेव्हा मला पण हा विषय याच कोड्यातून समजला, म्हणून जसा समजला तसाच सांगतो.

कोडं जुनं आहे. प्रशियात कोनिग्सबर्ग नावाचं शहर होतं, आता ते रशियात आहे आणि त्याला कालिनिनग्राद म्हणतात. प्रेगेल नदीमुळे शहराचे चार तुकडे झालेले: उत्तरेचा काठ, दक्षिणेचा काठ, मधे क्नाइपहोफ नावाचं बेट आणि पूर्वेला नदीच्या दोन फाट्यांमधला भाग. बेटावरून उत्तरेला दोन पूल, दक्षिणेला दोन, पूर्वेला एक, आणि पूर्वेच्या भागातून उत्तरेला एक, दक्षिणेला एक. असे सात. प्रश्न असा की सातही पुलांवरून प्रत्येकी एकदाच जाता येईल का? सुरुवात कुठूनही करा, शेवट कुठेही होऊ दे.

ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३५ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत याचं उत्तर मांडलं. आज पुस्तकात प्रत्येक भागाला ठिपका आणि प्रत्येक पुलाला रेघ असं जे चित्र दिसतं ते त्याने काढलंच नव्हतं. त्याने फक्त चार भागांना अक्षरं दिली आणि फिरणं म्हणजे अक्षरांची ओळ असं धरलं. मला ही युक्ती चित्रापेक्षा भारी वाटते, कारण हिशोब बोटांवर होतो. सात पूल ओलांडायचे म्हणजे ओळीत आठ अक्षरं येणार, कारण पहिलं अक्षर सुरुवातीचं आणि पुढे प्रत्येक पुलामागे एक. आता ज्या भागाला तीन पूल जोडलेत त्याचं अक्षर किती वेळा येईल? मधे आलं तर एक पूल आत येण्याचा, एक बाहेर जाण्याचा, म्हणजे एका वेळेला दोन पूल खर्च. सुरुवातीला किंवा शेवटी आलं तर एकच पूल खर्च. तीन पूल संपवायला ते अक्षर दोनदा आलंच पाहिजे, आणि पाच पूल असतील तर तीनदा. बेटाला पाच, बाकी तिघांना तीन-तीन. बेरीज करा: ३ + २ + २ + २ = ९. लागतात नऊ आणि जागा आठच. झालं, अशक्य! एकही रस्ता चालून न बघता.

पुस्तकातला नियम हाच आहे. एखाद्या भागाला जेवढे पूल जोडलेत ती त्याची डिग्री, आणि विषम डिग्रीचा भाग फक्त टोकाला बसू शकतो, सुरुवातीला नाहीतर शेवटी. टोकं दोनच असतात, म्हणून विषम भाग दोनपेक्षा जास्त झाले की खेळ खलास. कोनिग्सबर्गमधे चारही विषम.

आता आपल्याकडे या. दूधगंगा आणि वेदगंगा मिळतात तिथला नकाशा डोळ्यापुढे आणा, दोन नद्या आणि तीन भूभाग: पहिल्या नदीपलीकडचा ‘प’, दोन नद्यांमधला ‘म’, आणि दुसऱ्या नदीच्या अलीकडचा ‘अ’. खरे पूल-बंधारे बरेच आहेत, आपण हिशोबापुरते सातच धरू. प आणि म मधे दोन (१, २), म आणि अ मधे तीन (३, ४, ५), आणि संगमाच्या खाली प आणि अ यांना थेट जोडणारे दोन (६, ७). डिग्री मोजा: प ला ४, म ला ५, अ ला ५. विषम दोनच आहेत, म्हणजे जमतं, फक्त म मधून निघून अ मधे संपवायचं (किंवा उलट).

तर मग चालून बघू. म वरून ३ ने अ, ६ ने प, ७ ने परत अ, ४ ने म, ५ ने अ. आणि अडकलो, अ चे पाचही पूल संपले पण १ आणि २ तसेच राहिले! इथे पोरं म्हणतात नियम चुकला. नियम बरोबर आहे, फक्त मन मानेल तसं चालत गेलं की कधीकधी एक वेढा बाहेर राहतो. राहिलेले पूल नीट बघा, १ आणि २ मिळून प पासून म आणि परत प असा बंद वेढा आहे, आणि आपण प वरून मघाशी गेलोच होतो. मग तिथेच तो वेढा घुसवा: ३ ने अ, ६ ने प, १ ने म, २ ने प, मग आधीसारखंच ७ ने अ, ४ ने म, ५ ने अ. सातही झाले. अडकलात तर पाटी पुसायची नाही, उरलेला वेढा शोधून जुन्या वाटेत जोडायचा. ही पद्धत हिअरहोल्झर या जर्मन गणितज्ञाची, त्याच्या मृत्यूनंतर १८७३ मधे छापली गेली. सगळे पूल एकमेकांना जोडलेले असले आणि विषम भाग दोन किंवा शून्य असले की रस्ता सापडतोच, हे ऑयलरने सांगितलं होतं पण त्याची पूर्ण सिद्धता हिअरहोल्झरकडून आली.

पावसाळ्यात काय होतं ते आपल्याला सांगायला नको, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ असले खालच्या पातळीचे बंधारे पाण्याखाली जातात. आपल्या नकाशातला ५ नंबर बुडाला असं धरा. प ला ४, म ला ४, अ ला ४, सगळे सम! आता कुठूनही निघा, सहाही पूल करून निघालात तिथेच परत येता. त्याऐवजी १ बुडाला तर प ला ३, म ला ४, अ ला ५, म्हणजे आता निघायचं प वरून आणि संपवायचं अ वर. एक पूल गेला की त्याच्या दोन्ही टोकांची सम-विषम उलटते, बाकी कुणाची नाही.

अजून दोन-तीन बंधारे मनाने बुडवून बघा, विषम भाग कधी शून्य येतील कधी दोन, तीन कधीच येणार नाहीत. का? प्रत्येक पुलाला दोन टोकं, म्हणून सगळ्या डिग्र्यांची बेरीज पुलांच्या दुप्पट, म्हणजे कायम सम. विषम आकडे एक किंवा तीन असतील तर बेरीज विषम होईल, जे शक्यच नाही. आणि आपले भूभाग आहेतच तीन. म्हणजे दोन नद्यांच्या साध्या संगमावर कितीही पूल बांधा, कितीही बुडवा, हे कोडं सुटणारच, अट एवढीच की पूल शिल्लक असलेले भाग एकमेकांना जोडलेले पाहिजेत. न सुटायला किमान चार भाग लागतात, मधलं बेट आणि पूर्वेचा फाटा होता म्हणून कोनिग्सबर्ग अडलं. तिकडे पण सात, आपल्याकडे पण सात, फरक पुलांच्या संख्येचा नव्हताच. हे मला जेव्हा कळलं ना, तेव्हा हा विषय खरा आवडायला लागला.

जोडलेले असण्याची अट मात्र विसरू नका, परीक्षेत मार्क तिथेच जातात. म-अ चे तिन्ही आणि प-अ चे दोन्ही बुडाले तर शून्य विषम येतात पण अ एकटा पडतो. अ वर जायची वाट नाही, तरी उरलेले १ आणि २ एका फेरीत होतात, कारण हे कोडं पुलांचं आहे. पण पूल शिल्लक असलेले भागच दोन वेगळ्या गटात पडले, तर डिग्र्या कितीही छान असू देत, रस्ता नाही.

आणि एक घोळ सुरुवातीलाच मिटवा. प्रत्येक पूल एकदा हा ऑयलरचा प्रश्न. प्रत्येक गाव एकदाच हा प्रश्न वेगळा, त्याला हॅमिल्टनचा म्हणतात, आणि त्यासाठी सम-विषम मोजण्यासारखी सोपी कसोटी अजून कुणाला सापडलेली नाही. गणित वाचताना आधी बघा काय एकदाच करायचंय, रेघ की ठिपका, आणि मगच डिग्र्या मोजायला घ्या.